पहिले तीन नंबर नावासकट काढायचे: LARGE, INDEX आणि सारखे गुण आले तर काय करायचं

पहिली वैष्णवी, दुसरा प्रणय, तिसरा पण प्रणय. निकालाच्या शीटमधून पहिले तीन नंबर काढताना असं हमखास येते, आणि एक्सेल कुठं लाल होत नाही, एरर देत नाही, काहीच बोलत नाही. प्रणयइतकेच गुण घेतलेली निकिता यादीतून गायब असते, आणि हे लक्षात कधी येते तर २६ जानेवारीला माईकवर नावं पुकारून झाल्यावर, तिचे मायबाप समोर सतरंजीवर बसलेले असताना.

गावातल्या शाळेचे, मंडळाच्या सामान्य ज्ञान परीक्षेचे असे निकाल मी करून देत असतो, त्यामुळे हा घोळ कुठून सुरू होते ते माहीत आहे. व्हिडिओ पाहून शिकलं की LARGE समजते, INDEX समजते, आणि बहुतेक व्हिडिओ तिथंच संपते. सारखे गुण आले तर काय, हे कोणी सांगत नाही, आणि तीस-चाळीस पोट्ट्यांच्या वर्गात सारखे गुण येतातच. म्हणून हा लेख मुख्यतः त्याच भागावर आहे, सुरुवातीचं पटकन उरकतो.

बसायच्या आधी जवळ काय पाहिजे

- एक्सेल २००७ किंवा त्याच्या नंतरचं कोणतंही. शाळेतला जुना कॉम्प्युटर चालते. मोबाईलवर गुगल शीट्स असेल तरी खालचे फॉर्म्युले जसेच्या तसे चालतात, जिथं चालत नाही तिथं सांगतो.
- विषयवार गुणांची पक्की यादी, वर्गशिक्षकांनी तपासून सही केलेली. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो नको, त्यात ६ आहे का ८ हे कळत नाही.
- सारखे गुण आले तर काय करायचं याचा नियम, हेडसरांकडून किंवा समितीकडून, कागदावर. ही तिसरी वस्तू लोक विसरतात आणि सगळा वाद तिच्यावरूनच होते.

१. शीट मांडून घ्या

आपण दहा जणांचा नमुना घेऊ. नावं आणि गुण मी मनानं टाकलेत, सराव परीक्षा आहे, तीन विषय, प्रत्येकी १०० गुण. पहिली ओळ हेडिंगची, त्यामुळे पोट्टे दुसऱ्या ओळीपासून अकराव्या ओळीपर्यंत.

```
A   | B       | C    | D      | E      | F
रोल | नाव     | गणित | विज्ञान | इंग्रजी | एकूण
1   | आरती    | 78   | 81     | 74     | 233
2   | प्रणय    | 91   | 88     | 85     | 264
3   | वैष्णवी   | 94   | 90     | 87     | 271
4   | साहिल   | 65   | 70     | 72     | 207
5   | निकिता  | 86   | 92     | 86     | 264
6   | अंकुश    | 58   | AB     | 61     | 119
7   | रोशनी   | 84   | 89     | 86     | 259
8   | तेजस    | 72   | 68     | 75     | 215
9   | पायल    | 88   | 85     | 86     | 259
10  | गौरव    | 80   | 77     | 79     | 236
```

एकूणच्या कॉलममध्ये `F2` ला हे टाका आणि खाली ओढा:

```
=SUM(C2:E2)
```

`=C2+D2+E2` असं नका लिहू. अंकुश विज्ञानाच्या पेपरला गैरहजर होता, तिथं `AB` लिहिलं आहे. अधिकचं चिन्ह वापरलं तर त्याच्या एकूणमध्ये `#VALUE!` येते, आणि त्या एका एररमुळे पुढं LARGE पूर्ण यादीसाठीच एरर देते, म्हणजे एका गैरहजर पोट्ट्यापायी पहिला नंबरसुद्धा निघत नाही. SUM अक्षरं सोडून देते आणि बाकीची बेरीज करते.

पण SUM चा हाच गुण उलटूही शकते, आणि हे नीट वाचा. वैष्णवीचे विज्ञानाचे ९० कुठून तरी कॉपी-पेस्ट केले आणि एक्सेलनं त्याला आकडा न समजता मजकूर समजलं, तर SUM ते ९० गुपचूप सोडून देते. तिची बेरीज २७१ ऐवजी १८१ होते, पहिली पोरगी डायरेक्ट नवव्या नंबरावर जाते, आणि स्क्रीनवर सगळं ठीकठाक दिसते. हे पकडायला एखाद्या रिकाम्या खान्यात हे टाका:

```
=COUNT(C2:E11)
```

COUNT फक्त खरे आकडे मोजते. दहा पोट्टे गुणिले तीन विषय म्हणजे ३०, त्यातला एक `AB`, म्हणजे उत्तर २९ यायला पाहिजे. २८ आलं तर कुठंतरी एक गुण मजकूर होऊन बसला आहे. असा आकडा बहुतेक वेळा खान्यात डावीकडं चिकटलेला असते आणि कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसते. त्या खान्यात गुण हातानं पुन्हा टाईप करा, सगळ्यात सोपं तेच. खान्याचा फॉरमॅटच `Text` असेल तर आधी तो `General` करा नाहीतर पुन्हा तसंच होईल. आणि आकडे इंग्रजी 0 ते 9 मध्येच टाका, मराठी कीबोर्ड चालू ठेवून नको.

२. साधा LARGE आणि INDEX लावून बघा

`H` कॉलममध्ये `H2`, `H3`, `H4` ला 1, 2, 3 लिहा. `I2` मध्ये गुण:

```
=LARGE($F$2:$F$11,H2)
```

याचा अर्थ, F2 ते F11 मधला मोठ्यातून इतक्यावा आकडा दे. H2 मध्ये 1 असेल तर सगळ्यात मोठा, 2 असेल तर त्याच्या खालचा. डॉलरची चिन्हं यासाठी की खाली ओढलं तरी यादी जागची हलू नये. डॉलर टाकले नाही तर `I3` मध्ये यादी F3 पासून सुरू होते, `I4` मध्ये F4 पासून, आणि वरचे पोट्टे एक एक करून यादीतून बाहेर पडतात. लॅपटॉपवर फॉर्म्युला लिहिताना `F4` बटण दाबलं की डॉलर आपोआप येते, काही लॅपटॉपवर सोबत `Fn` दाबावं लागते.

मग `J2` मध्ये नाव:

```
=INDEX($B$2:$B$11,MATCH(I2,$F$2:$F$11,0))
```

इथं काम दोघं मिळून करते. MATCH शोधते की हे गुण यादीत कितव्या जागेवर आहे, आणि INDEX नावांच्या यादीतून त्याच जागेवरचं नाव उचलते. २७१ हा यादीत तिसरा आहे, तर नावातलं तिसरं, म्हणजे वैष्णवी.

दोन गोष्टी इथंच पक्क्या करा. एक, MATCH च्या शेवटचा `0`. तो सोडला तर एक्सेल धरून चालते की तुमची यादी लहान ते मोठी अशी लावलेली आहे, आणि आपली तर रोल नंबरनं आहे, त्यामुळे भलतंच नाव येऊ शकते. दुसरं, दोन्ही याद्या एकाच ओळीपासून सुरू झाल्या पाहिजे. नावाची यादी चुकून `B1` पासून धरली आणि गुणांची `F2` पासून, तर प्रत्येक नाव एक ओळ वर सरकते. २७१ गुणांसमोर वैष्णवीच्या जागी प्रणय येईल आणि २६४ समोर आरती येईल, जिला खरं तर २३३ आहे. म्हणून नावं आल्यावर पहिलं नाव मूळ यादीत जाऊन डोळ्यानं बघायचंच.

आता तिन्ही ओळी ओढल्या की हे दिसेल:

```
1 | 271 | वैष्णवी
2 | 264 | प्रणय
3 | 264 | प्रणय
```

३. हे असं काहून झालं

LARGE चुकलेलं नाही. त्याला गुण दिसतात, माणसं दिसत नाही. २६४ दोनदा आहे, तर दुसरा मोठा २६४ आणि तिसरा मोठा पण २६४, हिशोब बरोबर आहे. गडबड MATCH ची आहे, कारण ते वरून खाली शोधत येते आणि पहिला २६४ सापडला की तिथंच थांबते. निकिता खाली पाचव्या जागेवर आहे, तिच्यापर्यंत ते पोचतच नाही, कितीही वेळा विचारा.

म्हणजे प्रत्येक पोट्ट्याला काहीतरी वेगळी ओळख दिल्याशिवाय यातून सुटका नाही. पण ती ओळख कशी द्यायची हे तुमच्या नियमावर आहे, म्हणून आधी नियम.

४. नियम ठरवून घ्या, मग फॉर्म्युला

वापरात साधारण तीन पद्धती दिसतात. पहिली, ट्रॉफ्या तीनच आहे आणि माणसंही तीनच पाहिजे, सारखे गुण असले तर ठरलेल्या विषयातले गुण बघायचे. आपल्या नमुन्यात गणित बघितलं तर प्रणय दुसरा आणि निकिता तिसरी.

दुसरी, नंबर विभागून द्यायचा आणि पुढचा नंबर चालू ठेवायचा. म्हणजे प्रथम वैष्णवी, द्वितीय विभागून प्रणय आणि निकिता, तृतीय विभागून रोशनी आणि पायल. पाच पोट्टे स्टेजवर येतील.

तिसरी, विभागून द्यायचा पण पुढचा नंबर खायचा. दुसऱ्यावर दोघं बसले म्हणजे तिसरा नंबर संपला, रोशनी आणि पायल चौथ्या. एक्सेलचं RANK असंच मोजते, 1, 2, 2, 4.

माझं मत विचाराल तर गावच्या शाळेत दुसरी पद्धत बरी. पाच पोट्ट्यांचे पाच घरं खूश, आणि रोख बक्षीस असेल तर दुसऱ्या नंबरचे ३०० रुपये दोघात दीडशे-दीडशे. पण बक्षीस देणारा पाहुणा तीन ट्रॉफ्या आधीच अमरावतीहून घेऊन आला असेल तर पहिली पद्धत लागते. काहीही ठरवा, फक्त निकाल बघायच्या आधी ठरवा आणि लिहून घ्या. गुण समोर आल्यावर नियम ठरवला की कोणाचा भाचा, कोणाची पुतणी हे सगळं त्यात घुसते.

५. पहिली पद्धत: तीनच माणसं, सारखे गुण फोडायचे

इथं एक मदतीचा कॉलम घ्यायचा, `G`. त्यात एकूण गुणांना गणिताची बारीकशी शेपटी लावायची, आणि त्याला विज्ञानाची आणखी बारीक. `G2` ला:

```
=F2+N(C2)/1000+N(D2)/1000000
```

गणितात जास्तीत जास्त १००, त्याला हजारानं भागलं की ०.१. म्हणजे शेपटी कधीच एका पूर्ण गुणाइतकी होत नाही, त्यामुळे २६३ वाला गणिताच्या जोरावर २६४ वाल्याच्या पुढं जाऊ शकत नाही. विज्ञानाचा भाग त्याहून छोटा, तो फक्त गणितही सारखं असेल तेव्हा कामात येते. पेपर १०० गुणांपेक्षा मोठा असेल, समजा १००० गुणांचा, तर भागायचा आकडा वाढवा नाहीतर शेपटीच गुणाइतकी होऊन बसेल.

`N` कशाला? ते अक्षरांना शून्य करते. अंकुशच्या `AB` ला दहा लाखानं भागायला गेलं तर परत `#VALUE!`, आणि परत LARGE बंद.

आता प्रणयचे होतात 264.091088 आणि निकिताचे 264.086092. वेगळे झाले. मग `I2` मध्ये `G` वरून LARGE, `J2` मध्ये नाव, आणि `K2` मध्ये दाखवायचे खरे गुण:

```
=LARGE($G$2:$G$11,H2)
=INDEX($B$2:$B$11,MATCH(I2,$G$2:$G$11,0))
=INDEX($F$2:$F$11,MATCH(I2,$G$2:$G$11,0))
```

`G` आणि `I` कॉलम छापायच्या आधी लपवा, नाहीतर पालक विचारतील की २६४.०९ गुण कसले दिले बुवा.

गणित आणि विज्ञान दोन्ही सारखं आलं तर? मग इंग्रजीही सारखंच असणार, कारण बेरीज सारखी आहे. तीन विषयांत अशा वेळी फॉर्म्युल्याला फोडायला काहीच उरत नाही. पुष्कळ ठिकाणी यावर `ROW()` चा तुकडा जोडायला सांगतात, म्हणजे यादीत जो वर तो पुढं. त्यानं नावं वेगळी येतात हे खरं, पण त्याचा अर्थ असा की रोल नंबर आधी आहे म्हणून ट्रॉफी. मला हे पटत नाही. त्यापेक्षा अशी बरोबरी आहे का एवढं शोधून घ्या. बाजूच्या रिकाम्या कॉलममध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=COUNTIF($G$2:$G$11,G2)
```

पहिल्या तीन नंबरांसमोर सगळीकडं 1 असेल तर मोकळे. चौथ्या नंबरवाल्याचीही तिसऱ्याशी बरोबरी असू शकते, ती तिसऱ्या नंबरवाल्यासमोर 2 दिसून कळते. तसं दिसलं तर हेडसरांना सांगा, वर्गासमोर चिठ्ठी टाकतील किंवा विभागून देतील, ते त्यांचं काम.

६. दुसरी पद्धत: विभागून नंबर, सगळी नावं

ही पद्धत मी जास्त वापरतो, म्हणून हिला थोडा वेळ द्या. आधी `G` कॉलममधलं जुनं काढा आणि `G2` ला हे टाकून `G11` पर्यंत ओढा:

```
=F2&"-"&COUNTIF($F$2:F2,F2)
```

नीट बघा, COUNTIF च्या यादीत पहिल्या `F2` ला डॉलर आहे आणि दुसऱ्याला नाही. हे मुद्दाम आहे. खाली ओढत गेलं की यादी लांबत जाते, F2 ते F3, F2 ते F4, आणि प्रत्येक ओळीवर ते सांगते की हे गुण आतापर्यंत कितव्यांदा आले. प्रणयसमोर येईल `264-1`, निकितासमोर `264-2`, रोशनीसमोर `259-1`, पायलसमोर `259-2`. झाली प्रत्येकाची वेगळी ओळख. इथं कोणाला पुढं-मागं केलेलं नाही, 1 आणि 2 फक्त यादीतला क्रम आहे.

आता तीन वेगवेगळे गुण पाहिजे, 271, 264, 259. साधा LARGE 264 दोनदा देईल हे आपण पाहिलं. `I2` मध्ये सरळ सगळ्यात मोठा, आणि `I3` मध्ये वेगळा फॉर्म्युला, तो `I4` पर्यंत ओढायचा:

```
=MAX($F$2:$F$11)
=LARGE($F$2:$F$11,COUNTIF($F$2:$F$11,">="&I2)+1)
```

दुसऱ्या ओळीत COUNTIF मोजते की वरच्या नंबराइतके किंवा त्याहून जास्त गुण किती जणांना आहे, आणि त्यात एक मिळवून LARGE ला देते. 271 किंवा जास्त एकाच पोरीला, म्हणून दुसरा मोठा आकडा, 264. पुढच्या ओळीत 264 किंवा जास्त तिघांना, म्हणून चौथा मोठा, 259. सारखे गुण कितीही असू द्या, हे त्यांच्या खालच्यावर जाऊन उभं राहते. पूर्ण वर्गात तीन वेगवेगळे गुणच नसतील तर `#NUM!` येईल, तेवढं समजून घ्या.

`J2` मध्ये किती जण आहे ते मोजून ठेवा:

```
=COUNTIF($F$2:$F$11,I2)
```

मग `K1`, `L1`, `M1` मध्ये 1, 2, 3 लिहा, आणि `K2` मध्ये नाव:

```
=IFERROR(INDEX($B$2:$B$11,MATCH($I2&"-"&K$1,$G$2:$G$11,0)),"")
```

हा एकच फॉर्म्युला `K2` पासून `M4` पर्यंत आडवा-उभा ओढायचा. `$I2` मध्ये डॉलर अक्षराआधी, `K$1` मध्ये डॉलर आकड्याआधी, हे उलटं झालं की `K2` सोडून बाकी सगळे खाने रिकामे दिसतात. फॉर्म्युला 264 आणि 2 जोडून `264-2` बनवते आणि तीच ओळख `G` मध्ये शोधते. असं दिसायला पाहिजे:

```
H | I   | J | K      | L      | M
1 | 271 | 1 | वैष्णवी  |        |
2 | 264 | 2 | प्रणय   | निकिता |
3 | 259 | 2 | रोशनी  | पायल   |
```

`IFERROR` रिकाम्या जागा स्वच्छ ठेवते पण ते खऱ्या चुकाही झाकून टाकते. म्हणून आधी त्याच्याशिवाय ओढून बघा. जिथं नाव नको तिथंच `#N/A` दिसलं पाहिजे, वैष्णवीच्या बाजूला दोन, बाकी दोन्ही ओळीत एक-एक. मग IFERROR लावा. आणि `J` कॉलम यासाठीच ठेवला की एखाद्या नंबरावर चार जण असले आणि तुम्ही नावाचे तीनच कॉलम ओढले, तर चौथं नाव दिसणारच नाही आणि कोणी काही म्हणणारही नाही. `J` मध्ये 4 दिसला की `N` पर्यंत ओढा, `N1` मध्ये 4 लिहून.

तिसरी पद्धत, म्हणजे पुढचा नंबर खाणारी, पाहिजे असेल तर यातलं काहीच बदलायचं नाही. फक्त `H2` मध्ये हातानं लिहिलेल्या 1 च्या जागी हे टाका आणि ओढा:

```
=RANK(I2,$F$2:$F$11)
```

आता `H` मध्ये 1, 2, 4 येईल. चौथ्यासमोरचे `H` ते `M` मधले खानेच पुसा, शीटची पूर्ण ओळ काढू नका, तिथं डावीकडं वैष्णवी आहे.

तुमच्याकडं ऑफिस ३६५, एक्सेल २०२१ किंवा गुगल शीट्स असेल तर `G` ची आणि `K`, `L`, `M` ची गरज नाही, एकाच खान्यात सगळी नावं येतात:

```
=TEXTJOIN(", ",TRUE,FILTER($B$2:$B$11,$F$2:$F$11=I2))
```

पण शाळेच्या जुन्या एक्सेलमध्ये हेच उघडून बदलायला गेलं की `#NAME?` येते. फाईल पुढं कोणाच्या कॉम्प्युटरवर जाणार हे माहीत नसेल तर वरचीच लांब पद्धत ठेवा.

७. टक्क्यांवर काढत असाल तर

काही शाळा एकूण गुणांऐवजी टक्के घेतात. तिथं एकाचे ८७.६७ आणि दुसऱ्याचे ८७.७१ असले तर एका दशांशावर स्क्रीनवर दोघांचेही ८७.७ दिसते. बघणाऱ्याला बरोबरी वाटते, एक्सेल मात्र आतले पूर्ण आकडे बघते आणि दोघांना वेगळं धरते. मग पालक म्हणतात सारखेच तर आहे, विभागून काहून नाही दिलं. नियमात लिहून घ्या की किती दशांशापर्यंत बघायचं, आणि टक्क्याच्या फॉर्म्युल्यातच तेवढं ROUND करून टाका, नुसतं खान्यातले दशांश कमी करून चालत नाही:

```
=ROUND(SUM(C2:E2)/300*100,2)
```

जमत असेल तर एकूण गुणांवरच काढा, पूर्ण आकड्यांत ही भानगडच नाही.

८. मागून नाव आलं, किंवा शीट दुसऱ्याकडून आली तर

अकराव्या पोट्ट्याचे गुण नंतर येतातच. ते बाराव्या ओळीवर लिहिले तर सगळे फॉर्म्युले `F11` पर्यंतच बघतात, तो यादीत नाहीच असं समजा. मधल्या एखाद्या ओळीवर राईट क्लिक करून `Insert` करा आणि तिथं नाव टाका, मग यादी आपोआप लांबते. नव्या ओळीत `F` आणि `G` चे फॉर्म्युले मात्र ओढून द्यावे लागतात.

फॉर्म्युला वर्डच्या फाईलमधून कॉपी केला आणि एक्सेल घेतच नाही असं झालं, तर अवतरण चिन्हं बघा. वर्ड सरळ `"` ला वाकडं करून ठेवते, एक्सेलला ते कळत नाही. एक्सेलमध्येच पुसून पुन्हा टाईप करा.

आणि शंकरपटाच्या जोड्यांचा निकाल करून राहिले असाल तर तिथं कमी सेकंद लागले तो पुढं, म्हणून LARGE च्या जागी `SMALL`, `MAX` च्या जागी `MIN`, आणि `">="` च्या जागी `"<="`. RANK वापरत असाल तर शेवटी स्वल्पविराम देऊन `1` लिहा. बाकी सगळं तसंच. फक्त घड्याळाचे सेकंद एकाच दशांशापर्यंत घेतले का दोन, हे सगळ्या जोड्यांना सारखं पाहिजे.

९. छापायच्या आधी

निकाल पक्का झाला की विजेत्यांचा भाग कॉपी करून नव्या शीटवर `Paste Special` मधून `Values` म्हणून चिकटवा. मूळ शीटमध्ये नंतर कोणी एक गुण बदलला तरी छापील यादी बदलत नाही, आणि बदलला असेल तर दोन्ही ताडून कळते. मग मूळ यादी एकूण गुणांवर मोठे ते लहान सॉर्ट करून बघा, वरची पाच नावं आणि तुमची पाच नावं जुळली पाहिजे. सॉर्ट करायचं ते फाईलच्या वेगळ्या कॉपीवर, आणि नाव-गुण सगळे कॉलम सोबत निवडून, एकटा `F` निवडून नाही. लाईन जायचा भरवसा नसते, तर मधे मधे `Ctrl+S` दाबत राहा, आणि फाईल पेनड्राईव्हवर पण ठेवा.